मदत हवी आहे: प्रोसेसरच्या जास्त कॅशसाठी बारा हजार मोजू का?

मंडळी, मी निपाणीचा. बेळगावात पीसी जुळवून घेतोय. प्रोसेसर रायझन ७ ७७०० घेऊ की ७८००एक्स३डी? दोन्ही आठ कोअरचे. एल३ कॅश मात्र ३२ आणि ९६ एमबी. दुकानदार तेवढ्यासाठी बारा हजार जास्त सांगतोय. मोठ्या कॅशमुळे डेटासाठी रॅमकडे कमी धावावं लागतं, हे कळलं. पण ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०च आहे.

मित्राच्या ७७०० वर हेच कार्ड आहे. तिथे १४४०पीला बहुतेक गेममध्ये कार्ड ९८ टक्के वापरात, म्हणजे अडतंय कार्डच. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मात्र सांबरा विमानतळावरून उडालो की कार्ड ६० टक्क्यांवर आणि झटके! रिझोल्यूशन उतरवलं तरी एफपीएस तेवढेच. तिथे प्रोसेसरच अडतोय ना?

मी निम्मा वेळ सिम्युलेटरच खेळतो. मग कॅश घेऊ, की ते पैसे कार्डात घालू? वापरणाऱ्यांनीच सांगा.