अनुभव धागा: घरातून निघताना वाजणारी आठवण तुमच्याकडे वेळेवर वाजते का?

संत्रानगरी: मी मनीषनगरात चौथ्या मजल्यावर राहते, ऑफिस मिहानमध्ये. फोनवर घराभोवती शंभर मीटरचं वर्तुळ आखून ‘डबा, किल्ली, ओळखपत्र’ अशी आठवण लावली. सोमवारी ९ वाजून २ मिनिटांनी निघाले. फोन वाजला तेव्हा ९:०६ झाले होते आणि मी उज्ज्वल नगर मेट्रो स्टेशनजवळ होते. डबा ओट्यावर. आईने सकाळी साडेसहाला उठून भाकरी थापली होती, फार वाईट वाटलं. तुमचे अनुभव सांगा, आणि यावर उपाय असेल तर तोही.

बेसावाला: ताई, लोकेशनची अचूकता वाढवा. सेटिंगमध्ये आहे. माझं त्यानेच सुधारलं.

वर्धारोडकर: बेसावाला भाऊ, थोडा फरक पडतो, पण मूळ अडचण तिथे नाही. बॅटरी वाचावी म्हणून फोन जीपीएस सतत चालू ठेवत नाही. आजूबाजूची वायफाय आणि मोबाइल टॉवर पाहून तो अधूनमधून अंदाज घेतो. अँड्रॉइडवर दोन-तीन मिनिटांचा उशीर नेहमीचा, आणि फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सहा मिनिटांपर्यंत जातो. ताईंचा फोन रात्रभर चार्जिंगलाच असणार. गाडी ताशी तीसने गेली तरी दोन मिनिटांत एक किलोमीटर होतो. उज्ज्वल नगरचा हिशोब तिथेच लागला.

वर्तुळ लहान करून मी पाहिलंय. तीस मीटर ठेवलं तर फोन टेबलावर असतानाच जागा इकडेतिकडे सरकते आणि रात्री दोनला ‘डबा घेतला का’ वाजतं. शंभर-दीडशेच्या खाली जाऊ नका.

मी शेवटी लोकेशनचा नादच सोडला. मॅक्रोड्रॉइड नावाच्या अ‍ॅपमध्ये नियम केला: घरचं वायफाय तुटलं, वार सोमवार ते शुक्रवार, वेळ ८:४५ ते ९:३०, तर फोनने मोठ्याने बोलायचं, ‘डबा, किल्ली, कार्ड’. लिफ्टचं दार लागलं की सिग्नल जातो, म्हणजे खाली पार्किंगला पोचायच्या आत आवाज येतो. परत वर जायला दोन मिनिटं. वेळेची अट मात्र घालाच, नाहीतर कोथिंबीर आणायला उतरलं तरी बोलेल आणि आठवड्याभरात तुम्ही ऐकणं सोडाल.

अ‍ॅपला लोकेशनची परवानगी Allow all the time द्यावी लागते. वायफायचं नाव वाचायलाही ती लागते, त्यामुळे लोकेशन बंद करून हे चालत नाही. आणि बॅटरी बचतीच्या यादीतून ते अ‍ॅप बाहेर काढा, नाहीतर फोन त्याला झोपवतो.

बेसावाला: वायफायवालं मी मागच्या जूनमध्ये केलं होतं. वादळ आलं, लाइट गेली, राउटर बंद, आणि मी घरातच चहा पिऊन राहिलो असताना फोन ओरडला. दोन-तीनदा झालं, मग काढून टाकलं.

वर्धारोडकर: राउटर इन्व्हर्टरवर घ्या भाऊ. माझा आहे, म्हणून मला हे कधी जाणवलं नाही.

धंतोलीची काकू: माझी किल्ली घरातच कुठेतरी पडून राहते, ती कशी सापडेल? मुलाने किल्लीला एअरटॅग लावून दिला. तो आवाज करतो, तेवढं चांगलं आहे. पण परवा किल्ली घरी राहिली, दार ओढून घेतलं, तर फोनने काहीच सांगितलं नाही.

संत्रानगरी: काकू, फाइंड माय अ‍ॅपमध्ये ‘वस्तू मागे राहिली तर सांग’ ही सोय असते, आणि तिच्या अपवादांच्या यादीत Home असू शकतं. म्हणजे घरी राहिलेल्या वस्तूबद्दल फोन गप्पच बसणार. मुलाला तो अपवाद काढायला सांगा. पण हाही इशारा घरापासून लांब गेल्यावरच येईल. लॅचचं दार असेल तर एक किल्ली शेजारी ठेवाच.

सदरचा विद्यार्थी: कागदपत्रांसाठी रोजची आठवण माझ्या कामाची नाही. मागच्या महिन्यात मूळ गुणपत्रिकांची पडताळणी होती. त्या एका दिवसापुरतीच आठवण लावली, आणि ‘कागदपत्रं’ असं न लिहिता ‘निळ्या फाईलमध्ये टीसी आहे का, उघडून बघ’ असं लिहिलं. फाईल हातातच होती, टीसी झेरॉक्सच्या गठ्ठ्यात राहिली होती. जिन्यातच कळलं.

संत्रानगरी: आठवडाभर वायफायचा नियम लावून पाहिला. पाच दिवसांपैकी चार दिवस लिफ्टमध्येच वाजला. बुधवारी वाजलाच नाही. त्या सकाळी मी मोबाइल डेटावर बोलत होते आणि वायफाय आधीच बंद केलं होतं, त्यामुळे तुटायला काही उरलंच नव्हतं. आता बाबांसाठी विचारते. ते महालात तळमजल्यावर राहतात आणि वायफाय गल्लीच्या टोकापर्यंत पोचतं. तिथे कोणी काय केलंय?

वर्धारोडकर: राउटर मागच्या खोलीत हलवून बघा. माझ्या भावाकडे त्याने थोडं जमलं, पूर्ण नाही.