होडी ओढायला दोन दोर, तर बेरीज 90 की 75?

शिरोड्याचा बाबा: पावसाआधी होडी वाळूवर वर ओढली. डाव्या दोरावर 50 किलो, उजव्यावर 40, काटे लावून बघितलेले, दोन्ही दोर नाळीच्या एकाच कडीत. लेक अकरावीला, ती म्हणते होडीवर जोर 75चाच. मग 15 किलो गेले कुठे? आणि तिचं हे प्रत्येक दोराच्या जोराचे आडवे-उभे तुकडे पाडणं म्हणजे नसता कुटाणा नाही का?

क्लासवाली ताई: दादा, लेक बरोबर आहे. दोर सरळ वर नव्हते ना, दोन बाजूंना फाकलेले होते. डाव्या दोरावर कडीपासून 5 हात मोजा, तिथे फडकं बांधा आणि बघा ते कडीच्या किती पुढे नि किती बाजूला येतं. समजा 4 हात पुढे आणि 3 हात डावीकडे आलं, तर त्याच हिशोबाने 50 मधले 40 किलो होडी वर नेतायत आणि 30 नुसते डावीकडे खेचतायत. उजवा दोर सरळ वरच्या दिशेपासून 30 अंशात धरलाय असं मानू, त्याचे वर 34.6 आणि उजवीकडे 20. आता वरचे वरच्यात, 40 आणि 34.6 मिळून 74.6. आडव्यात मात्र 30 डावीकडे नि 20 उजवीकडे, ते एकमेकांना खातात, उरले 10 डावीकडे. 74.6 आणि 10 काटकोनात, वर्ग करून बेरीज, वर्गमूळ 75.3. दोर जेवढे फाकवाल तेवढं हे खाणं वाढणार.

देवगडचा पोरगा: एवढं कशाला, दोन दोरांमधला कोन 67 अंश, समांतरभुज चौकोनाचं सूत्र टाका, एका ओळीत 75 येतं, आमचे सर हेच सांगायचे आणि परीक्षेत वेळ पण वाचतो.

क्लासवाली ताई: दोन दोर असतील तर येतं, नाही कोण म्हणतं. तिसरा भाऊ तिसरा दोर घेऊन आला की? तुझ्या सूत्राला आधी दोघांचं उत्तर, त्याची दिशा काढायची, मग त्याच्याशी तिसऱ्याचा कोन, मग परत सूत्र. माझ्याकडे नुसती दोन रकान्यांत एकेक ओळ वाढते.

देवगडचा पोरगा: तिसरा येतो कुठे प्रश्नात 😄 बरं, दिशा पण काढून दाखव.

क्लासवाली ताई: दिशेतच तर पोरं फसतात. उजवीकडे अधिक धरलं तर आडवे उणे 10, उभे 74.6. कॅल्क्युलेटरवर tan⁻¹(74.6 ÷ −10) दाबलं की उणे 82 दाखवतो, म्हणजे खाली उजवीकडे, थोडक्यात होडी समुद्रात चालली! त्याला बिचाऱ्याला भागाकारच दिसतो, उणे वरच्या आकड्याला की खालच्याला ते कळत नाही. 180 मिळवा, 98 येतं, म्हणजे सरळ वरच्या दिशेपासून 8 अंशांच्या आत डावीकडे. म्हणून आधी कागदावर दोन बाण काढायचेच.

मालवणी म्हातारो: माका ह्या सगळा डोक्यावरसून जाता. पण आमच्या रापणीचे दोन दोर किनाऱ्यार लांब लांब धरतत, मगे हळूहळू जवळ येतत. तेव्हा पयल्यान ताकद फुकट जाता म्हणाचा?

क्लासवाली ताई: आजोबा, तिथे काम वेगळं. सुरुवातीला जाळं फाकलेलं ठेवून मासळी घेरायची असते, वर ओढायची घाई नसते. आडवा ओढच तिथे हवा असतो.

रत्नागिरीचा मेकॅनिक: एक चूक माझ्या पुतण्याने हल्लीच केली, कोन उभ्या रेषेपासून मोजला आणि सवयीने cos आडव्याला लावला. उजव्या दोराचे वर 20 आणि बाजूला 34.6 काढले. दोर जवळजवळ सरळ वर जातोय नि बाजूचा आकडा मोठा, कसं शक्य आहे? डोळ्यांना दिसतं तेवढं तरी बघायचं ना. आणि अजून एक, हे सगळं एकाच कडीत बांधलं तर. डावा दोर नाळीला नि उजवा मधल्या खुंटाला बांधलात तर बेरीज तीच येईल पण होडी फिरायला लागेल, ते या दोन रकान्यांत कुठेच दिसत नाही.

फिजिक्सप्रेमी: किलो हा बलाचा एकक नाही. 75.3 ला 9.8 ने गुणा, 738 न्यूटन.

रत्नागिरीचा मेकॅनिक: गुणलं. दिशा बदलली का?

शिरोड्याचा बाबा: 15 किलोचं पटलं, कटकटीचं अजून नाही. आमची होडी ओढताना खरंच थोडी डावीकडे सरकली होती, मला वाटलेलं वाळूला उतार आहे म्हणून. उताराचं पण काही असेल ना? लेक म्हणते तो तिसरा दोर धर. म्हटलं आता तू पण सुरू झालीस.