४८ फ्लॅट, रोज ३० किलो ओला कचरा : कंपोस्टचा खड्डा केवढा लागेल?

पर्वरीची सेक्रेटरी :
आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत, रोजचा ओला कचरा वजन करून बघितला तर साधारण ३० किलो भरतो. कंत्राटदार म्हणतो १००० किलो म्हणजे १ घनमीटर, म्हणजे रोज ३० लिटर, ९० दिवसांचे २७०० लिटर, तर ३ घनमीटरचा एकच खड्डा पुरे, दीड मीटर लांब, १ मीटर रुंद आणि २ मीटर खोल. हे माप बरोबर आहे का? रविवारी मीटिंग आहे.

फोंड्याचा सिव्हिलवाला :
कंत्राटदाराचं फार चुकलेलं नाही. ओल्या कचऱ्यात ७०-८० टक्के पाणीच असतं मग घनता पाण्याच्या जवळपास धरली तर काय बिघडलं. शिवाय कचरा कुजताना बसतो, निम्मा होतो, त्यामुळे ३ घनमीटर उलट जास्तच आहे. उगाच मोठं बांधून पैसे घालवू नका.

ताळगावकर :
पाणी सालीच्या आत असतं हो, पण दोन सालींच्या मध्ये हवा असते, ती तुम्ही मोजलीच नाही. मी आमच्या कॉम्प्लेक्सचं कंपोस्ट सहा वर्षं बघतोय. २० लिटरची बादली घ्या, रोजचा कचरा चांगला कालवून काठोकाठ भरा, बादली वीतभर उचलून तीनदा जमिनीवर आपटा, खाली गेला तेवढा परत भरा आणि वजन करा, रिकाम्या बादलीचं वजन वजा. आमच्याकडे ९ किलोच्या आसपास येतं, म्हणजे १ घनमीटरला ४५० किलो. या हिशोबाने ३० किलोचे ३० लिटर नाही होत, ६७ लिटर होतात.

हे सात दिवस करा आणि त्यात एक रविवार धरा. भात, आमटी, माशाची डोकी जास्त असली की बादली जड लागते. केळीची पानं, भोपळ्याच्या साली, पालेभाजीचे देठ असले की तीच बादली ६ किलोतच भरते. चवथीनंतर गणपतीच्या वर बांधलेली फळापानांची माटोळी उतरवली की वजन थोडंच वाढतं पण ढीग बघवत नाही एवढा होतो. म्हणून किलोवर खड्डा ठरवायचा नाही, लिटरवर ठरवायचा.

सत्तरीची :
आमच्या कुळागरात माडाच्या बुडाशी सगळं टाकतो, सासूबाईंच्या आधीपासून, कधी माप घेतलं नाही आणि कधी वासही आला नाही. एवढी गणितं कशाला ग?

ताळगावकर :
ताई, तुमच्याकडे एका घराचा कचरा आणि वर सुपारीचा पाला भरपूर पडतो, शिवाय जागा बदलता येते. इथे ४८ घरांचा कचरा एकाच ठिकाणी येतो आणि वर कोणाची तरी बाल्कनी असते. पण तुम्ही न सांगता मुद्द्याचं बोललात, ते म्हणजे पाला. कंत्राटदाराने पाला धरलेलाच नाही. एक बादली ओल्याला एक बादली कुस्करलेला सुका पाला लागतोच, नाहीतर चिखल होतो. आम्ही मोजलंय, दोन्ही बादल्या मिसळल्या की दीड बादली भरते कारण ओलं पाल्याच्या फटीत बसतं. म्हणजे ६७ ऐवजी रोज १०० लिटर धरा.

फोंड्याचा सिव्हिलवाला :
बरं १०० धरू. मग ९० दिवसांचे ९००० लिटर, म्हणजे ९ घनमीटर? एवढी टाकी कोण बांधणार. आणि बसण्याचं काय, ते तर तुम्ही सोडूनच दिलं.

ताळगावकर :
नाही सोडलं, तुमचा तो मुद्दा खरा आहे. फक्त सगळा कचरा एकदम निम्मा होत नाही, आजचा थर पूर्ण असतो आणि दीड महिन्यापूर्वीचा निम्म्यावर आलेला असतो. पहिल्या दोन आठवड्यांत जास्त बसतो म्हणून सरासरी दोन तृतीयांश धरतो. ४५ दिवसांचे ४५०० लिटर, त्याचे दोन तृतीयांश ३०००. म्हणजे आकडा फिरून कंत्राटदाराच्याच ३ घनमीटरवर येतो! पण तो ९० दिवसांना नाही पुरत, ४५ दिवसांना पुरतो. ४६व्या दिवशी खड्डा भरलेला आणि वरचा कचरा काल-परवाचा, मग तो उपसून टाकणार कुठे? म्हणून तसेच दोन लागतात. एक भरायचा, तोवर दुसरा ४५ दिवस हात न लावता पिकू द्यायचा.

फोंड्याचा सिव्हिलवाला :
हे पटलं. एकाचे दोन करायचे तर खोली २ मीटरच ठेवा ना, जागा वाचेल, पार्किंगवरून आधीच भांडणं असतात.

ताळगावकर :
खोलीवर मी अजिबात ऐकणार नाही. १ मीटरच्या खाली हवा पोचत नाही, तळ दबतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि पावसाळ्यात सखल जागी खड्ड्यात खालूनच पाणी चढतं. आमचा पहिला खड्डा असाच ६ फूट खोल होता, जुलैत टोपली खाली सोडली तर काळं पाणी भरून वर आली, माळ्याने दोन दिवस काम सोडलं होतं. तेव्हापासून जमिनीवर चिऱ्याची टाकी, अडीच मीटर लांब, १.२ रुंद, आत भरायची उंची १ मीटर. भिंत मात्र १.२ मीटर चढवा, वरची वीतभर जागा मोकळी राहू द्या. चिऱ्यांच्या मध्ये फटी ठेवायच्या, तळाला उतार आणि कोपऱ्यात पाइप, पाझरलेलं पाणी बादलीत घ्यायला.

चाललंय की नाही ते असं कळतं : मधोमध लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा, हाताला चटका बसला की काम चालू आहे. मूठभर घेऊन दाबा, एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाला कमी पडतोय.

मडगावचो :
दोन टाक्या उन्हाळ्यात पुरतील, पावसात नाही. आमच्याकडे ऑगस्टमध्ये पिकायला ४५ ऐवजी ६०-६५ दिवस लागतात, दुसरी टाकी तयारच होत नाही आणि पहिली भरून वाहते. तिसरी बांधाच.

ताळगावकर :
तुमच्या टाकीवर छप्पर कसं आहे? आमचं दोन्ही बाजूंनी दोन हात बाहेर काढलंय आणि पाला कोरडा असतो, त्यामुळे आम्ही दोनवर भागवतो.

मडगावचो :
छप्पर आहे, पण पाला ओला असतो हे खरं. तरी मी तीनच सांगेन, चवथीचा ढीग कुठे टाकणार.

पर्वरीची सेक्रेटरी :
खूप आभार. उद्यापासून बादली सुरू करते. जागा मोजली, दोन टाक्या मिळून लांबी ५ मीटर म्हणजे दोन स्कूटर आणि एका गाडीची जागा जाते, तिसरीला कमिटी तयार होईल असं वाटत नाही. आणि कोरडा पाला पावसात आणायचा कुठून?

ताळगावकर :
तो डिसेंबर ते मार्चमध्ये गोळा करून ठेवायचा, आंबा, फणस, काजू, जे पडेल ते. हिशोब करा, रोज ६७ लिटर, पावसाचे चार महिने, ८००० लिटर होतो. म्हणजे १०० लिटरच्या ८० गोणी, तुमच्या दोन्ही टाक्यांपेक्षा जास्त जागा. निम्म्या पाल्याऐवजी कोकोपीट किंवा लाकडाच्या गिरणीतला भुसा घेतला तर गोणी कमी होतील. नकाशावर आधी पाल्याची शेड काढा, टाक्या नंतर.

फोंड्याचा सिव्हिलवाला :
८० गोणी गच्चीवरच्या लिफ्ट रूमशेजारी नका ठेवू म्हणजे झालं, सुका पाला पेटतो. सोसायटीत पंप रूमच्या मागे जागा आहे का?