मदत हवी आहे: गोल्ड मिनी, 10,000 चा ठरलेला स्टॉप, सूत्रात बुडण्याची शक्यता 0.8 टक्के, मग सिम्युलेशनमध्ये वर्षालाच 10 टक्के कशी?

विक्रोळीकर

नमस्कार मंडळी. एमसीएक्सवर गोल्ड मिनीचा एकच लॉट, म्हणजे 100 ग्रॅम. स्टॉपलॉस 10,000 आणि टार्गेटही 10,000 (10 ग्रॅमच्या भावात 1,000 रुपयांची हालचाल). खात्यात 4,00,000. महिन्याला साधारण 20 सौदे होतात. मागच्या 200 सौद्यांपैकी 106 टार्गेटला लागले, म्हणजे 53 टक्के.

बुडण्याच्या शक्यतेचं सूत्र एक्सेलमध्ये असं घातलं:

`=(0.47/0.53)^40`

40 म्हणजे चार लाख भागिले दहा हजार. उत्तर 0.0082. हे आयुष्यभराचं उत्तर आहे असं वाचलंय, म्हणजे कितीही सौदे केले तरी शंभरात एकालाही धोका नाही.

पण ऑफिसातल्या सहकाऱ्याने खालचं लिहून दिलं. त्याने मार्जिन किती लागतं (2,00,000 धरलंय) आणि एका सौद्याला येऊन-जाऊन खर्च किती (ब्रोकरेज, सीटीटी, जीएसटी, थोडं स्लिपेज मिळून 300) एवढंच विचारलं होतं.

```python
import random
def buda(n, p=0.53, w=9700, l=10300, x=200000):
    for _ in range(n):
        x += w if random.random() < p else -l
        if x <= 0:
            return 1
    return 0
N = 20000
print(sum(buda(240) for _ in range(N)) / N)
```

यात 240 सौद्यांना, म्हणजे एका वर्षाला, 9 ते 10 टक्के येतात. आयुष्यभराचं 0.8 आणि एका वर्षाचं 10? कोण चुकतंय?

गिरणगाव

साहेब, दोन्ही सोडा. फिक्स स्टेकने खेळणारा शेवटी बुडतोच, हे गणितातच सिद्ध झालंय. खात्याच्या दोन टक्के रिस्क घ्या, विषय संपला.

आकडेमोड

गिरणगाव, ते सिद्ध झालंय ते फायदा शून्य किंवा उणे असणाऱ्यासाठी. नाणेफेक 50-50 असेल आणि वर थांबायचं ठिकाण नसेल, तर बुडणं नक्की. सरासरी सौद्यागणिक थोडी जरी पुढे सरकत असेल, तर कायमचं निसटून जाण्याची शक्यता उरते, आणि विक्रोळीकरांचं सूत्र तीच मोजतं. दोन टक्क्यांचं म्हणाल तर चार लाखांचे दोन टक्के 8,000. मिनीचा पाऊण लॉट कुठे मिळतो?

विक्रोळीकर, सूत्र बरोबर आहे आणि सिम्युलेशनही बरोबर आहे. फक्त दोघं वेगवेगळ्या माणसाचं उत्तर देताहेत.

पहिला फरक भिंतीच्या जागेचा. सूत्रात शोषक सीमा, म्हणजे जिथे पोचल्यावर चाल कायमची थांबते ती जागा, तुम्ही शून्यावर ठेवलीत. प्रत्यक्षात खातं 2,00,000 च्या खाली गेलं की ब्रोकरची सिस्टिम पुढची ऑर्डर घेणारच नाही. पैसे शिल्लक असले तरी खेळ संपला. म्हणून पायऱ्या 40 नाहीत, 20 आहेत. तेच सूत्र 20 घालून चालवा: 0.09, म्हणजे 9 टक्के. पायऱ्या निम्म्या झाल्या की धोका दुप्पट होत नाही, त्याचं वर्गमूळ निघतं. 0.0082 चं वर्गमूळच 0.09.

दुसरा फरक खर्चाचा. खर्चाशिवाय एका सौद्याची सरासरी कमाई 10,000 × (0.53 − 0.47) = 600. त्यातून 300 गेले, उरले 300. फायदा निम्मा झाला. आता जिंकण्याची पायरी 9,700 ची आणि हरण्याची 10,300 ची, त्यामुळे ते साधं सूत्र जसंच्या तसं लागत नाही. पण पायऱ्या जवळपास सारख्या असल्याने हे चालतं:

`EXP(-2 * सरासरी * अंतर / वर्गविचलन)`

वर्गविचलन इथे जवळजवळ 10,000 चा वर्ग. आकडे घातले की 2 × 300 × 2,00,000 भागिले 10 कोटी, म्हणजे 1.2, आणि EXP(-1.2) म्हणजे 0.30. पुन्हा वर्गमूळच: 9 टक्क्यांचे 30.

तुमचं खरं आयुष्यभराचं उत्तर हे, सुमारे 30 टक्के. त्यातले 10 पहिल्या वर्षात येतात. कोडमध्ये 240 च्या जागी 500 घाला, 17-18 दिसतील. पुढे वाढ मंदावत जाते, कारण जे टिकले ते तोवर भिंतीपासून लांब गेलेले असतात.

विक्रोळीकर

आलं लक्षात. म्हणजे मी 9 टक्के समजायला हवे होते तिथे खर्चाने 30 केले. मग स्टॉप आणि टार्गेट दोन्ही 5,000 केले तर? पायऱ्या 40 होतील.

गिरणगाव

हेच म्हणतोय ना. स्टेक लहान केला की धोका कमी. साधी गोष्ट.

आकडेमोड

लॉट तोच ठेवून? मग खर्चही तोच, 300. जिंकलात तर 4,700, हरलात तर 5,300. 0.53 × 4,700 = 2,491. 0.47 × 5,300 = 2,491. सरासरी बरोबर शून्य. आता गिरणगावांचं पहिलं वाक्य लागू पडलं: बुडण्याची शक्यता 100 टक्के.

उलट 20,000 करून पाहा. सरासरी 1,200 − 300 = 900, पण पायऱ्या उरतात दहाच. त्याच सूत्राने 40 टक्के. म्हणजे 5,000 ला 100, 10,000 ला 30, 20,000 ला 40. मध्ये कुठेतरी तळ आहे, आणि तो काढायला सोपा आहे: ज्या स्टेकला खर्च सगळा फायदा खातो (इथे 5,000) त्याच्या दुप्पट. योगायोगाने तुम्ही तिथेच बसला आहात. एका मिनी लॉटमध्ये स्टॉप हलवून आणखी काही मिळणार नाही.

यात एक गोष्ट गृहीत धरलीय, ती म्हणजे स्टॉपचं अंतर बदललं तरी 53 टक्के तसेच राहतात. ते राहतीलच असं नाही. 500 रुपयांच्या हालचालीत बाजाराची नुसती थरथर जास्त असते, म्हणून जवळच्या स्टॉपला प्रमाण बहुधा आणखी घसरेल.

स्वाती_मुलुंड

मध्येच विचारते, माझंही जवळपास असंच खातं आहे, आकडेही हेच धरा. मी त्यातून दर महिन्याला 10,000 घरखर्चाला काढते. नफ्यातूनच काढते, मुद्दलाला हात लावत नाही. मलाही 30 टक्केच ना?

आकडेमोड

नाही हो ताई. महिन्याला 20 सौदे, सौद्याला सरासरी 300, म्हणजे आवक 6,000. तुम्ही काढता 10,000. चालीचा कल महिन्याला 4,000 ने भिंतीकडे आहे. बुडणं नक्की, आणि सरासरी वेळही सरळ भागाकाराने निघते: 2,00,000 भागिले 4,000, सुमारे 50 महिने. चांगल्या महिन्यात काढताना तो नफाच वाटतो, पण वाईट महिन्यांसाठीची उशी त्याच नफ्याची बनते.

चार लाखांच्या वरचंच काढायचं असा नियम केलात, तरी भिंत कधीतरी लागणारच, कारण तुम्ही वर दुसरी भिंत बांधता आणि निसटायला जागा ठेवत नाही. मात्र तेव्हा बुडण्याची शक्यता हे मोजमापच चुकीचं ठरतं. बुडण्याआधी एकूण किती हातात आलं ते मोजा.

स्वाती_मुलुंड

6,000 च्या आत काढलं तर?

आकडेमोड

बरोबर 6,000 काढलेत तर कल शून्य, म्हणजे तरीही नक्की. 3,000 काढलेत तर सौद्यामागे 150 उरतात, 30 टक्क्यांचे सुमारे 55 होतात.

काळबादेवी

या धंद्यात बरीच वर्षं आहे म्हणून दोन गोष्टी. आकडेमोडांचं गणित ठीक, पण ती भिंत जागेवर उभी राहत नाही. सोनं जोरात हललं की एक्स्चेंज मार्जिन वाढवतं, आणि मिनीच्या शेवटच्या दिवसांत डिलिव्हरीचं जादा मार्जिन लागतं ते वेगळंच. नेमके जेव्हा दोन-चार स्टॉप लागोपाठ उडतात, तेव्हाच 2,00,000 चे 2,40,000 होतात. एका दिवसात चार पायऱ्या गायब, आणि सौदा तुम्ही केलेलाच नाही.

दुसरं, रात्री बाजार बंद झाल्यावर परदेशात भाव पळतो. सकाळी 9 ला उघडताना स्टॉप ओलांडून उघडला तर 10,300 नाही, दुप्पटही जातात. ते कोडमध्ये कुठे आहे?

आकडेमोड

कुठेच नाही, रास्त मुद्दा. मार्जिनसाठी `x=160000` घालून चालवा. सूत्राने 30 चे 38 टक्के होतात. गॅपसाठी हरणाऱ्या सौद्यांपैकी पन्नासात एक 25,000 चा धरा. सरासरी तोटा 294 ने वाढतो, सौद्यामागे सुमारे 140 गेले. 300 मधले 140. पोझिशन रात्रभर ठेवत नसाल तर हा भाग वगळा.

विक्रोळीकर

रात्री बहुतेक ठेवत नाही. मग करू काय? आणखी दोन लाख लगेच घालणं शक्य नाही.

काळबादेवी

गिनी बघा. आठ ग्रॅमचा लॉट असतो. सहा घेतले तर 48 ग्रॅम, मिनीच्या निम्म्याच्या आसपास.

आकडेमोड

ही सूचना सगळ्यात चांगली, कारण दोन गोष्टी एकदम सुधारतात. मार्जिन निम्मं लागेल, म्हणजे भिंत 1,00,000 वर आणि अंतर 3,00,000. स्टॉपचं अंतर 10 ग्रॅमच्या भावात तेच 1,000, त्यामुळे 53 टक्क्यांना धक्का नाही, पण पायरी 5,000 ची. सीटीटी वगैरे टक्क्यांत असल्याने तेही निम्मे. ऑर्डरमागचं ठरलेलं ब्रोकरेज मात्र निम्मं होत नाही. समजा खर्च 180 आला: सरासरी 300 − 180 = 120, आणि धोका साधारण 5.5 टक्के. तीसवरून साडेपाच.

पण गिनीत खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर जास्त पडून खर्च 240 वर गेला, तर तोच आकडा 24 टक्के होतो. सगळं त्या साठ रुपयांवर आहे.

विक्रोळीकर

गिनीत खर्च किती पडेल ते कसं कळणार?

काळबादेवी

संध्याकाळी अमेरिकन बाजार उघडल्यावर मार्केट डेप्थ उघडा आणि सहा लॉटला पहिल्या पाच बोलींपैकी कितवीपर्यंत जावं लागतं ते बघा. दुपारचं बघू नका, ते फसवं असतं. माझ्या मते 240 च्या जवळ जाईल.

आकडेमोड

मला तेवढं वाटत नाही, लिमिट ऑर्डरने आत शिरलात तर एका बाजूचं अंतर वाचतं. मोजूनच ठरेल.

आणि एक, जे वर कोणी विचारलं नाही. 200 सौद्यांत 53 टक्के म्हणजे खरं प्रमाण 53 च असं नाही. एवढ्या नमुन्याची प्रमाण-चूक साडेतीन टक्के-अंकांची आहे. मिनीवर 300 खर्च धरून तुमचा ना-नफा-ना-तोटा बिंदू 51.5 टक्के. फरक दीड अंकाचा, चूक साडेतीनची. खरं प्रमाण 51.5 च्या खाली असण्याची शक्यता सहज तीनात एक आहे, आणि तिथे वरचे सगळे 30 आणि साडेपाच टक्के जाऊन थेट 100 येतात. ही चूक अर्ध्या अंकावर आणायची तर दहा हजारांच्या घरात सौदे लागतील.

गिरणगाव

म्हणजे शेवटी मी म्हणालो तेच.

आकडेमोड

तीनात एक वेळा, हो.

विक्रोळीकर

या आठवड्यात रोज रात्री साडेनऊला गिनीची डेप्थ लिहून ठेवतो आणि आकडे इथेच टाकतो. जुन्या 200 सौद्यांचे कॉन्ट्रॅक्ट नोट्स आहेत, त्यातून खरा खर्चही काढतो, 300 हा माझा अंदाजच होता.

काळबादेवी

कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये स्लिपेज दिसत नाही, ते लक्षात ठेवा. स्टॉपचा ट्रिगर भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव ऑर्डर बुकमधून वेगळे उतरवावे लागतील.