ॲनिमेटेड व्हिडिओचे ‘सर्व हक्क’ ग्राहकाला देताना फाँट, संगीत आणि एआय चित्रांचे काय करावे?

निळी शाई
एका कंपनीच्या उत्पादनाची ओळख करून देणारा ९० सेकंदांचा ॲनिमेटेड व्हिडिओ मी केला आहे. काम संपत आले असताना करारातील एका कलमापाशी अडले आहे. व्हिडिओ व त्यातील प्रत्येक घटक ही निर्मात्याची मूळ कलाकृती असून तिचे सर्व हक्क कायमचे ग्राहकाकडे जातील, तसेच बदल करता येतील अशी प्रोजेक्ट फाइलही द्यावी लागेल, असे त्या कलमात म्हटले आहे. व्हिडिओतला मजकूर मुक्ता फाँटमध्ये आहे, शेवटच्या शीर्षकासाठी मात्र विकत घेतलेला एक फाँट वापरला आहे. पार्श्वसंगीत जिथून उतरवले त्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा CC BY-SA 4.0 हा परवाना लिहिला आहे. पार्श्वभूमीची चित्रे आणि खारीचे मुख्य पात्र एका एआय साधनाच्या सशुल्क योजनेतून तयार केले आहे. या कलमावर सही करावी का? नसल्यास काय बदलून घ्यावे?

मधला सूर
मला यात काळजीचे कारण दिसत नाही. मुक्ता मोफत आहे. संगीताच्या परवान्यात NC ही अक्षरे नाहीत, म्हणजे व्यावसायिक वापराला मोकळीक आहे. संगीतकाराचे नाव दिले की झाले. एआय साधनाचे पैसे तुम्ही भरले आहेत, त्यामुळे चित्रे तुमचीच. बिनधास्त सही करा.

तळटीप
NC नसल्यामुळे व्यावसायिक वापर चालतो, हे मधला सूर यांचे म्हणणे बरोबर आहे; पण खरी अडचण SA या अक्षरांत आहे. एखादी संगीतरचना किंवा ध्वनिमुद्रण हलत्या चित्रांशी वेळ जुळवून लावले, की त्यातून रूपांतरित कृतीच तयार होते, असे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० आवृत्तीत स्पष्ट लिहिलेले आहे. गाण्यातला एकही सूर तुम्ही बदलला नसला तरी हे लागू होते. SA असलेल्या साहित्याची रूपांतरित कृती प्रसिद्ध करायची, तर ती त्याच किंवा तिच्याशी सुसंगत ठरवलेल्या परवान्याखाली द्यावी लागते. म्हणजे तुमच्या ग्राहकाचा व्हिडिओ कुणालाही उचलून, बदलून, विकता येईल. सर्व हक्क आपल्याकडे हवेत म्हणणाऱ्या कंपनीला हे कसे चालेल? रूपांतरित कृती प्रसिद्ध करायला मनाई करणारी ND ही अक्षरे असती तर तो व्हिडिओ प्रसिद्धच करता आला नसता. तेव्हा केवळ BY, म्हणजे फक्त नाव देण्याची अट असलेले संगीत शोधा, नाहीतर सरळ परवाना विकत घ्या. विकत घेताना दोन ओळी नीट वाचा: दुसऱ्यासाठी केलेल्या कामात वापर चालतो का, आणि पैसे देऊन दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीत चालतो का. ‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दावरून यातले काहीच कळत नाही. दर वापरामागे वेगळे मानधन द्यावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गाभुळलेली चिंच
माझाही असाच प्रश्न आहे. मी परवाना विकत घेऊन वापरलेल्या गाण्यावर यूट्यूबने कॉपीराइटचा दावा लावला आणि व्हिडिओचे उत्पन्न दुसऱ्याकडे जाऊ लागले. म्हणजे परवाने घेऊनही उपयोग नाही, असेच ना?

तळटीप
चिंच, तुमचा प्रश्न वेगळा आहे, तरी उत्तर देतो. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते. तुमच्याकडे परवाना आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते. संगीतकाराने तेच गाणे वितरकामार्फत तिथे नोंदवले असेल, तर रीतसर परवाना घेतलेल्यालाही दावा येतो. परवान्याची प्रत जोडून हरकत नोंदवावी. निळी शाई, यातून तुमच्यासाठीही एक काम निघते. गाणे उतरवताना परवाना दिसेल असे पान तारखेसह जपून ठेवा आणि गाणे चढवणारा त्याचा खरा मालक आहे का, तेही पाहा. दुसऱ्याचे गाणे परस्पर CC म्हणून चढवले असेल, तर तो परवाना कागदावरच राहतो.

फाँटचे थोडक्यात सांगतो. मुक्ता SIL ओपन फाँट लायसन्सखाली आहे. तो परवाना फाँटपुरता असतो, त्यात लिहिलेल्या मजकुराला किंवा व्हिडिओला लागत नाही. प्रोजेक्टसोबत फाँट फाइल द्यायची असेल तर OFL.txt ही परवान्याची फाइलही सोबत द्या. विकतच्या फाँटचे मात्र दोन प्रश्न आहेत. पहिला, तुमच्या परवान्यात व्हिडिओ समाविष्ट आहे का; काही कंपन्या त्यासाठी वेगळा परवाना मागतात. दुसरा, फाइल ग्राहकाला देणे. ते बहुतेक परवान्यांत मना असते. शीर्षक कायमचे ठरले असेल तर आफ्टर इफेक्ट्समध्ये Create Shapes from Text वापरून अक्षरांचे आकार करून टाका. ग्राहकाला मजकूर बदलायचा असेल, तर त्याने स्वतःचा परवाना घ्यावा.

निळी शाई
संगीताचे आणि फाँटचे समजले. खारीचे काय? साधनाच्या अटींत तर निर्मितीची मालकी वापरकर्त्याची, असे लिहिले आहे.

तळटीप
त्या ओळीचा अर्थ इतकाच, की साधन चालवणारी कंपनी त्या चित्रावर स्वतःचा दावा सांगणार नाही. मुळात कॉपीराइट निर्माण झाला की नाही, हे कायदा ठरवतो, अटी नव्हेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये एका चित्रकथेच्या बाबतीत मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिले, पण मिडजर्नी या एआय साधनाने काढलेल्या एकेका चित्राला नाकारले. नुसत्या सूचना लिहिल्याने चित्रावर पुरेसे नियंत्रण राहत नाही, अशी भूमिका त्याने जानेवारी २०२५ च्या अहवालात घेतली. तुमची खार या मापाने मोजली, तर प्रतिस्पर्ध्याने तिची हुबेहूब नक्कल केल्यावर ग्राहकाच्या हाती फारसे काही राहणार नाही. जो हक्क नाही तो हस्तांतरित करण्याचे वचन मात्र तुम्ही दिलेले असेल.

आडवी रेघ
हे सगळीकडे असेच आहे असे नाही. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने २०२३ च्या अखेरीस अशाच एका चित्रात वापरकर्त्याचा कॉपीराइट मान्य केला होता. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही संगणकनिर्मित कृतीसाठी वेगळी तरतूद आहे. त्यामुळे व्हिडिओ कुठे दाखवायचा आहे, ते आधी विचारायला हवे.

तळटीप
मान्य. पण व्हिडिओ इंटरनेटवर जाणार असेल तर सर्वात कडक मापानेच करार लिहावा, असे माझे मत आहे. पार्श्वभूमी तशीच राहू द्या. तिची नक्कल झाली तरी फार बिघडत नाही. खार मात्र पुन्हा हाताने रेखाटा. एआय चित्रावर नुसती रेघ गिरवू नका, तर देहयष्टी, चेहरा आणि हालचालींचे आराखडे स्वतः ठरवा. कच्ची रेखाटने व थरांसह फाइली जपून ठेवा. आणखी एक, संरक्षण नसणे आणि उल्लंघन नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एआयने काढलेली खार एखाद्या प्रसिद्ध पात्रासारखी दिसत असेल तर दावा येऊ शकतोच, म्हणून चित्रावरून शोध घेऊन पाहा.

कलम साधारण असे करून घ्या: ‘निर्मात्याने स्वतः तयार केलेल्या घटकांचे हक्क ग्राहकाकडे हस्तांतरित होतील. जोडपत्रातील फाँट व संगीत त्यांच्या परवान्यांनुसार वापरले जाईल. जोडपत्रात एआयनिर्मित म्हणून नोंदवलेल्या चित्रांच्या कॉपीराइटबद्दल निर्माता कोणतीही हमी देत नाही.’ अंतिम शब्द वकिलाकडून तपासून घ्या.

मधला सूर
SA बद्दल मला ठाऊक नव्हते. पण जोडपत्रात ‘एआयनिर्मित’ लिहिले तर ग्राहक पैसे कापेल, ही भीती खरी आहे. पार्श्वभूमीसाठी एवढे सांगायची गरज आहे का?

आडवी रेघ
‘सर्व मूळ कलाकृती’ यावर सही करणार असाल तर आहेच. ते शब्द काढून घेतले तर वाटाघाटीला जागा उरते; तरीही मी सांगितलेच असते.

निळी शाई
संगीत बदलते आहे आणि खार नव्याने रेखाटते आहे. पार्श्वभूमीवर मी बरेच रंगकाम केले आहे, काही झाडे पूर्णपणे माझी आहेत. ती ‘स्वतः तयार केलेली’ या गटात घालता येतील का?

तळटीप
झाडे हो. रंगकामाबद्दल खात्रीने सांगणार नाही. किती बदल पुरेसा, याची रेघ कुणी आखलेली नाही. झाडांचे थर वेगळे ठेवा आणि जोडपत्रात त्यांची वेगळी नोंद करा.