मदत हवी आहे: लायसेटमध्ये प्रथिन भरपूर, मीडियात शून्य. सिग्नल पेप्टाइड बदलू का?

अनुस्वार

नमस्कार. एका मानवी प्रथिनाचा बाहेरचा भाग एचईके २९३टी पेशींतून स्रवून हवा आहे. काम छापलेलं नसल्यामुळे प्रथिनाचं नाव सांगत नाही. मूळ सिग्नल पेप्टाइड काढून त्याजागी आयजी कॅप्पाचं बसवलंय, टोकाला सहा हिस्टिडिन आहेत. सुरुवात अशी, शेवटच्या D नंतर माझं प्रथिन:

```
METDTLLLWVLLLWVPGSTG | D...
```

सिग्नल कापला गेल्यावर साखळीचं वजन ३८ किलोडाल्टन यायला हवं. साखर लागायच्या जागा दोन. सहा खणांच्या प्लेटमध्ये खणाला २ मिली मीडिया, त्यात १० टक्के सीरम. ४८ तासांनी मीडिया उचलला, पेशी २०० मायक्रोलिटरमध्ये फोडल्या आणि दोन्हींतले २० मायक्रोलिटर जेलवर चढवले. हिसविरोधी प्रतिपिंडाने लायसेटमध्ये ४३ च्या आसपास झकास बँड दिसतो, मीडियात काहीच नाही. तीनदा केलं. सिग्नल पेप्टाइड बदलावं का, आणि कोणतं घ्यावं?

कोथरूडकर

बदला. प्रत्येक सिग्नल प्रत्येक प्रथिनाला मानवत नाही, त्याच्या मागे काय येतं यावरही कापणी अवलंबून असते. अल्ब्युमिनचं किंवा मूळचंच लावून पाहा. शिवाय एका खणात ब्रेफेल्डिन ए टाका. त्याने वाहतूक बंद पडते, म्हणजे तुलनेला एक अडकलेला नमुना मिळेल.

जेल वाकडी

मलाही हाच त्रास आहे. पेलबी सिग्नल लावलंय, पण पेरिप्लाझममध्ये प्रथिन येतच नाही, सगळं गाळात जातं. २० टक्के सुक्रोजचा ऑस्मॉटिक शॉक देऊन झाला. तापमान १८ वर आणलं तर फरक पडेल का?

पाषाणकर काकू

जेल वाकडी, तुमचं ई. कोलाय आहे. तिथे ईआर नाही, गॉल्जी नाही, वेगळा धागा काढा. १८ अंश जरूर करून पाहा, आयपीटीजीही कमी करा.

अनुस्वार, सिग्नलला हात लावण्याआधी तुमच्याच आकड्यांकडे बघा. सिग्नल पेप्टाइडचं काम दारातून आत सोडण्यापुरतं. रायबोसोममधून बाहेर डोकावताच एसआरपी त्याचा तेलकट मधला भाग पकडतो, साखळी सेक६१ मधून आत सरकते आणि सिग्नल पेप्टिडेज ते कापून टाकतो. तुमच्या सिग्नलात कापणीच्या अलीकडे G आणि त्याच्याही दोन घरं मागे S आहे. दोन्ही लहान, म्हणजे कापणीला अडचण नसावी.

प्रथिन आत गेलंच नसतं तर काय दिसलं असतं? सिग्नल तसाच चिकटलेला, म्हणजे ३८ अधिक साधारण २, आणि साखर नाही. बँड ४० ला आला असता. तुमचा आहे ४३ ला. एका एन-साखळीने अडीच किलोडाल्टन वाढतात, दोन जागा भरल्या तर ५. ३८ आणि ५ म्हणजे ४३. साखर ईआरच्या आतच लागते, तेव्हा प्रथिन आत पोचलंय असा माझा अंदाज. पण जेलवर तीन किलोडाल्टनच्या फरकावर भिस्त ठेवू नका, पीएनजीएज एफ लावून खात्री करा.

दुसरं, तुमची तुलनाच सरळ नाही. लायसेटचा दहावा हिस्सा चढवलात आणि मीडियाचा शंभरावा. वर सीरममधलं ६६ चं अल्ब्युमिन लेन फुगवून टाकतं. शेवटचे २४ तास पेशी सीरमशिवाय ठेवा. मग १ मिली मीडिया आधी हळू फिरवून तरंगत्या पेशी खाली बसवा. वरच्या द्रवात टीसीए १० टक्के होईल इतकं घाला, अर्धा तास बर्फात ठेवा, जोरात फिरवा आणि गोळा थंड अ‍ॅसिटोनने दोनदा धुवा. लोडिंग डाय घातल्यावर पिवळा पडला तर आम्ल राहिलंय. निळा होईपर्यंत ८.८ पीएचच्या ट्रिसचे थेंब सोडा, नाहीतर लेन तिरकी पळते. सीरम असलेल्या मीडियावर टीसीए करू नका, सगळा अल्ब्युमिनचाच गोळा होईल.

अनुस्वार

हे लक्षातच आलं नव्हतं. पीएनजीएज एफ आमच्याकडे आहे, एंडो एच संपलंय आणि नवीन यायला तीन आठवडे लागतील. पाषाण-बाणेर बाजूला कोणाकडे दोन-चार मायक्रोलिटर जास्तीचं असेल तर थर्मोकोलचा डबा घेऊन येतो.

पाषाणकर काकू

आहे, निरोप धाडते. दोन्ही एन्झाइमांचे बफर वेगळे, एका नळीत उरकू नका. आधी अर्धा टक्का एसडीएस आणि डीटीटी घालून १०० अंशांवर १० मिनिटं. नंतर पीएनजीएज एफच्या नळीत एनपी-४० एक टक्का घातलंच पाहिजे, कारण एसडीएसने ते एन्झाइम मरतं. ते विसरलं की बँड हलत नाही आणि माणूस लिहून मोकळा होतो की साखरच नाही. एंडो एचला त्याची गरज नाही. दोन्ही ३७ अंशांवर तासभर.

अनुस्वार (नऊ दिवसांनी)

निकाल. लायसेट: पीएनजीएज एफने ४३ चा बँड ३८ वर आला, एंडो एचनेही ३८ वरच. आटवलेल्या मीडियात ४५-४६ ला फिकट, पसरट बँड आहे. तो एंडो एचने हलत नाही, पीएनजीएज एफने ३८ वर येतो. ट्युब्युलिन मीडियात दिसत नाही.

कोथरूडकर

मग झालं की. लायसेटमधलं सगळं एंडो एचला बळी पडतंय, म्हणजे गॉल्जीच्या मधल्या थरापर्यंत पोचलेलं नाही. ईआरमध्ये अडकलंय हे सिद्ध.

निरीक्षा

थांबा, इतकं सरळ नाही. आमच्याकडे मीडियात भरभरून येणारं प्रथिनही एंडो एचला बळी पडतं, कारण पेशी २९३एस जीएनटीआय-उणे आहेत. त्यांच्यात गॉल्जीतला तो एन्झाइमच नाही, साखर मॅनोजवालीच राहते. अनुस्वार, तुमच्या पेशी नक्की २९३टीच आहेत ना?

अनुस्वार

हो, साध्या २९३टी. शिवाय मीडियातला बँड एंडो एचला दाद देत नाही, म्हणजे तो एन्झाइम आहेच.

पाषाणकर काकू

निरीक्षाची शंका रास्त होती. पण साध्या पेशींतही कोथरूडकरांचं 'सिद्ध' जरा घाईचं आहे. बहुतेक स्रावी प्रथिनांचा वेळ ईआरमधून सुटण्यातच जातो, गॉल्जी ती भराभर ओलांडतात. त्यामुळे चांगलं स्रवणाऱ्या प्रथिनाच्या लायसेटमध्येही ईआरमधलंच रूप जास्त दिसतं. स्वारगेटला गर्दी दिसते म्हणून गाड्या बंद आहेत असं नव्हे. गर्दी पुढे सरकते का, ते बघावं लागतं.

म्हणून सायक्लोहेक्झिमाइड १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली टाका म्हणजे नवीन प्रथिन बनायचं थांबेल, आणि ०, १, २, ४ तासांनी लायसेट आणि मीडिया दोन्ही घ्या. लायसेट उतरून मीडिया चढला तर गाडी हळू आहे इतकंच. दोन्ही जागच्या जागी राहिले तर अडकलंय. लायसेट उतरला आणि मीडिया चढलाच नाही तर पेशी ते मोडून टाकतेय. तसं असेल तर एमजी१३२ १० मायक्रोमोलर लावलेला एक संच हवा.

मीडियातल्या फिकट बँडवरून एक गोष्ट पक्की: रस्ता बंद नाही. फुटक्या पेशींतून गळलेलं प्रथिन असतं तर ते ४३ ला आणि एंडो एचला बळी पडणारं दिसलं असतं. तेव्हा सिग्नल बदलून फारसं हाती लागणार नाही.

आणि ब्रेफेल्डिन एची तुलना या प्रश्नाला चालणार नाही. त्याने गॉल्जीतले एन्झाइम उलटे ईआरमध्ये येऊन मिसळतात. त्यामुळे बाहेर न गेलेल्या प्रथिनाचीही साखर एंडो एचला न जुमानणारी होऊ शकते.

कोथरूडकर

हे माहीत नव्हतं. पण ब्रेफेल्डिनने मीडियातला बँड जातो का, एवढं तरी कळेलच की.

पाषाणकर काकू

हो, तेवढ्यापुरतं चालेल. फक्त त्याच नमुन्यावर एंडो एच लावून अर्थ काढू नका. अनुस्वार, तुमच्या तुकड्यात सिस्टीन किती आहेत आणि तुकडा तोडलात कुठे?

अनुस्वार

सात. ३४० वर तोडलाय. यूनिप्रॉटमधल्या Disulfide bond नोंदींत पाहिलं तर ३१२ ची जोडी ३४९ शी दिलीय. म्हणजे जोडीदार नऊ घरं पुढे राहिला. हे आधीच बघायला हवं होतं.

पाषाणकर काकू

संशय तिथेच आहे. एकटं सिस्टीन उघडं राहिलं की ईआरमधले राखणदार त्याला धरतात. कोणी तिथून निसटलंच तरी पुढे ईआरपी४४ बसलेलं असतं. गॉल्जीच्या सुरुवातीच्या, जरा आम्लधर्मी भागात ते मोकळं सिस्टीन पकडतं आणि केडीईएल रिसेप्टरच्या पाठीवरून माल परत ईआरला आणून सोडतं. दोन एकट्या सिस्टीनांनी एकमेकांचा हात धरला तर जोड्या आणि गठ्ठे होतात, तेही जात नाहीत.

डीटीटी न घालता जेल चालवा. पेशी फोडण्याच्या बफरमध्ये एनईएम २० मिलिमोलर, त्याच दिवशी विरघळवलेलं. नाहीतर पेशी फुटताना सिस्टीन आपापसांत जुळतात आणि खोटे गठ्ठे दिसतात. डीटीटीवाल्या आणि बिनडीटीटीच्या लेनमध्ये दोन लेन रिकाम्या सोडा, डीटीटी शेजारी झिरपतं.

अनुस्वार (बारा दिवसांनी)

बिनडीटीटीच्या लेनमध्ये ४३ चा बँड जेमतेम आहे. ८५-९० ला एक ठळक, आणि त्याच्या वर विहिरीपर्यंत धूर. डीटीटी घातलं की सगळं ४३ ला गोळा होतं. चेसमध्ये लायसेट ४ तासांत निम्म्याहून खाली, मीडियात वाढ जवळजवळ नाही. एमजी१३२ ने लायसेट थोडा सावरला, पूर्ण नाही.

आता ३१२ चं सिस्टीन बदलून सेरिन करू, की तुकडा ३५२ पर्यंत लांबवू?

कोथरूडकर

सेरिन. एका जोडी प्रायमरचं काम, आठवड्यात हातात.

पाषाणकर काकू

मी लांबवेन. तो बंध घडी सांभाळत असेल तर सेरिन केल्यावर गठ्ठे जातील, पण प्रथिन सैल राहील आणि कॅलनेक्सिन त्याला पुन्हापुन्हा थांबवत राहील. फक्त ३५२ पुरे का ते तपासा, मधेच एखादा बीटा पट्टा तुटायला नको. एमजी१३२ ने पूर्ण का सावरलं नाही याचं उत्तर मात्र या ब्लॉटमध्ये नाही. गठ्ठे लायसोसोमकडे जात असतील, किंवा नुसतेच न विरघळता पेशी फोडल्यानंतरच्या गाळात बसत असतील. पुढच्या वेळी तो गाळही एसडीएसमध्ये उकळून चढवा.

निरीक्षा

दोन्ही बनवा, प्लाझ्मिड काही महाग नाही. आणि ट्रान्सफेक्शननंतर एक प्लेट ३० अंशांवर ठेवून बघा. काही प्रथिनांना सावकाश घडी झालेली मानवते. तुमच्याला मानवेल का ते सांगता येत नाही, एकट्या सिस्टीनला तर नाहीच मानवणार बहुतेक.

अनुस्वार

दोन्हींचे प्रायमर आज मागवले. गाळाची लेन जुन्या नमुन्यांवरच करतो, गोळे उणे ८० ला जपून ठेवलेत. काकू, एंडो एचची उरलेली नळी सोमवारी आणून देतो.

जेल वाकडी

१८ अंशांवर थोडं आलं पेरिप्लाझममध्ये. वेगळा धागा काढतेय.