मदत हवी आहे: मॅजिक इरेझरने खुर्ची गेली, पण फरशी वाकडी झाली

ओसरी
आजीचा जुन्या घरातला फोटो आहे. जमीन काळ्या-पांढऱ्या चौकोनी फरश्यांची, बुद्धिबळाच्या पटासारखी. आजीच्या शेजारची प्लास्टिकची खुर्ची गूगल फोटोजच्या मॅजिक इरेझरने काढली. खुर्ची गेली, पण तिथल्या फरश्यांचे सांधे वाकले, एक काळी फरशी दीडपट रुंद झाली आणि दोन पांढऱ्या शेजारी-शेजारी आल्या. फोटो पुन्हा काढता येणार नाही, घर पाडलंय. काय करता येईल?

पटापट
सोपं आहे. त्याच जागेवर पुन्हा पुन्हा बोट फिरवा, दर वेळी थोडं सुधारतं. आणि निवड मोठी करा, खुर्चीच्या बाहेरपर्यंत.

कोनमापक
निवड थोडी बाहेरपर्यंत हवी हे बरोबर, कारण खुर्चीची कड राहिली तर तिचाच रंग आत पसरतो. सावलीही निवडीत घ्या. पण पुन्हा पुन्हा फिरवू नका. दुसऱ्या वेळी टूल आपणच बनवलेल्या वाकड्या फरशीकडे बघून नवी फरशी बनवतं. शिवाय दर फेरीला तो भाग गुळगुळीत होत जातो आणि बाकी फोटोतले बारीक कण तिथे दिसेनासे होतात.

मूळ अडचण अशी, की हे टूल फरश्या मोजत नाही. भोवतालचं बघून इथे साधारण काय शोभेल ते भरतं. गवत, वाळू, भिंतीचा गिलावा असेल तर कुणाला कळत नाही. फरशीला मात्र हिशेब असतो: एका ओळीत दोन काळ्या फरश्या दिसत असतील तर त्यांच्या मधल्या फरश्यांची संख्या विषमच हवी. खुर्चीखाली तीन लपल्या असतील आणि टूलने दोनच बसवल्या, तर रंग जुळत नाहीत. मग ते एक फरशी ताणतं किंवा दोन पांढऱ्या चिकटवतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. त्यात लांबच्या फरश्या लहान दिसतात, तो उतारही राखावा लागतो.

मूळ फोटोवरून नव्याने सुरू करा. खुर्ची एकदम पुसू नका. एक पाय, मग दुसरा, असं करा. पुसलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना सांधा दिसत असेल तर टूल तो बऱ्यापैकी जोडतं. फरश्यांचा चौक जिथे मिळतो तोच बिंदू झाकला गेला असेल, तिथे ते चुकतं.

वाघोबा
माझंही असंच. प्राणिसंग्रहालयात वाघाच्या समोरची जाळी काढायची आहे. हीच पद्धत चालेल का?

कोनमापक
तुमचं उलट आहे. तुम्हाला जाळी घालवायची आहे आणि मागचा वाघ हवा आहे. तार बारीक आणि धूसर असेल तर एकेक तार पुसून जमतं. जाड असेल तर तारेमागचे पट्टे टूल कल्पनेने काढतं, म्हणजे तो तुमचा वाघ राहत नाही. पुढच्या वेळी लेन्स जाळीला जवळजवळ टेकवून, तारांच्या मधल्या भोकातून काढा.

ओसरी, सीटखालच्या मोठ्या भागासाठी फोन सोडा. संगणकावर GIMP हे फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात `Perspective Clone` घ्या; ते एका जागेचा तुकडा लांब-जवळचा फरक सांभाळून दुसरीकडे उमटवतं. आधी `Modify Perspective` निवडून चौकटीचे चार कोपरे चार-बाय-चार फरश्यांच्या स्वच्छ तुकड्याच्या कोपऱ्यांवर नेमके ओढा. मग पर्यायांत `Perspective Clone` निवडा, `Alignment` मध्ये `Aligned` ठेवा. काळ्या फरशीच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यावर Ctrl दाबून क्लिक करा. खुर्चीखाली जिथे काळ्या फरशीचा तसाच कोपरा यायला हवा, बरोबर तिथूनच ब्रश सुरू करा. कोपरा केसभर चुकला तरी पुढचे सगळे सांधे सरकतात, तेव्हा लगेच मागे घ्या आणि Ctrl-क्लिकपासून पुन्हा सुरू करा.

झाल्यावर फोटो मोठा करून एकच सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत जा. मग एका ओळीतले रंग मोजा.

पटापट
इतकी खटपट? गर्दीतली माणसं तर फोनवर छान जातात.

कोनमापक
सुटा माणूस, मागे मोकळी जागा, तर जातो. दाटीतून एक काढलात की मागच्याचं अर्धं झाकलेलं अंग टूलला बनवावं लागतं. हात आणि चेहरे तिथे बघा.

ओसरी
केलं. फरश्या जुळल्या! पण घेतलेला तुकडा खिडकीजवळचा होता, त्यामुळे तिथे उजेड जास्त दिसतोय. आणि पॉलिश केलेल्या जमिनीत खुर्चीचं पुसट प्रतिबिंब अजून आहे.

कोनमापक
प्रतिबिंबावरही तसाच ब्रश फिरवा. उजेडासाठी हे काम वेगळ्या थरावर करा, म्हणजे तेवढ्याच थराचा उजेड `Curves` ने उतरवता येईल.

ओसरी
आणि खुर्चीच्या हाताखाली साडीचे काठ झाकले गेलेत, त्यांचं?

कोनमापक
ते या पद्धतीने होणार नाही. काठ चुण्यांबरोबर वळतात, एका सपाट पातळीत नसतात. मी खुर्चीचा तेवढा हात कापून फोटो अरुंद केला असता. कुणाला यापेक्षा चांगलं सुचत असेल तर लिहा.